खासगी बचावाचा हक्क : बांधावरचं भांडण आणि बळाचं प्रमाण

"माझी जमीन आहे, कोणी घुसला तर तोडून टाकीन" हे वाक्य आपल्या भागात नवीन नाही. हिंजवडीच्या आसपास जमिनीचे भाव चढले, तसं सूस, नांदे, चांदे, लवळे या गावांत बांधाच्या एकेका फुटावरून वाद वाढले. अशा वादात कायदा मालकाला बचावाचा हक्क देतो का? देतो. पण किती बळ वापरायचं आणि कधी थांबायचं, हेही तोच कायदा सांगतो. आजच्या पाठात तेवढंच समजून घेऊ.

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, २०२३ लागू झाली. जुन्या संहितेतील कलम ९६ ते १०६ मधला हा विषय आता कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. आपल्या किंवा दुसऱ्याच्या शरीराचा आणि मालमत्तेचा बचाव करताना केलेली कृती गुन्हा ठरत नाही, हा मूळ नियम.

याला कलम ३७ दोन मोठ्या मर्यादा घालतं. पहिली : पोलिसांची किंवा इतर शासकीय यंत्रणेची मदत घ्यायला वेळ असेल, तर हा हक्क मिळत नाही. दुसरी : बचावाला जेवढी गरज आहे, त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. या दुसऱ्या मर्यादेलाच आपण 'बळाचं प्रमाण' म्हणतो.

आता प्रमाण म्हणजे काय? समोरच्याच्या हातात काठी, तर माझ्याही हातात काठीच, असा अर्थ बरेच जण काढतात. तो बरोबर नाही. प्रमाण हत्यारांचं नसतं, धोक्याचं असतं. हे नीट कळण्यासाठी एक खरा खटला पाहू.

अमजद खान खटला

५ मार्च १९५० रोजी कटनी शहरात दंगल उसळली. कटनी तेव्हा नागपूर उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होतं. अमजद खान यांचं दुकान आणि त्यांच्या भावाचं दुकान एकाच इमारतीत, शेजारी-शेजारी होतं. जमावाने भावाचं दुकान फोडून लूट सुरू केली. दोन्हींमधल्या भिंतीला असलेल्या भोकातून आई आली आणि तिने ही बातमी सांगितली. तेवढ्यात जमाव अमजद खान यांच्या दारावर लाठ्या मारू लागला. त्यांनी बंदुकीतून दोन गोळ्या झाडल्या. एक माणूस मेला आणि काही जखमी झाले.

खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली आणि नागपूर उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. प्रश्न साधा वाटतो : जमाव अजून आत आलाच नव्हता, मग गोळी कशाला? पण १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विवियन बोस पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचेच मुख्य न्यायमूर्ती होते.

निकालाचा गाभा असा : दार तुटून जमाव आत येईपर्यंत थांबायची सक्ती कायदा करत नाही. शेजारचं दुकान लुटलं जात आहे, घरची माणसं इमारतीत आहेत आणि दारावर लाठ्या पडत आहेत. अशा वेळी मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची भीती वाजवी आहे. आणि घाबरलेल्या माणसाने वापरलेलं बळ नंतर सोनाराच्या काट्यावर तोलता येत नाही. म्हणजे बघा, शेवटी कोणाला किती लागलं एवढंच मोजायचं नसतं. *त्या क्षणी, त्या जागी उभ्या असलेल्या माणसाला कोणता धोका दिसत होता,* हे पाहायचं असतं.

पण धोका संपला की हक्कही संपतो

दुसरी बाजू जय देव विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात दिसते. हा शेतजमिनीच्या ताब्याचाच वाद होता. निकाल लिहिला साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. चालून आलेल्या लोकांना रोखण्याचा हक्क आरोपींना होता, हे न्यायालयाने मान्य केलं. पण ते लोक माघार घेऊन पळू लागल्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या. त्या गोळ्यांना बचावाचं संरक्षण मिळालं नाही, कारण तेव्हा धोका उरला नव्हता. धोक्यानंतरचा वार हा बचाव नसतो, तो सूड असतो.

आता हे बांधावर लावून पाहू

खालचं उदाहरण काल्पनिक आहे. नांद्यातल्या एका शेतकऱ्याच्या ताब्यातल्या शेताचा बांध शेजारी जेसीबीने फोडतो आहे, असं समजा.

१) दोन दिवस आधी कळलं. मग वेळ आहे. पोलिसांत तक्रार, दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणि सरकारी मोजणी हे रस्ते उघडे आहेत. ते सोडून माणसं जमवून काठ्या घेऊन वाट पाहत बसलं, तर बचावाचा दावा टिकणं अवघड.

२) पहाटे अचानक जेसीबी आला. ११२ वर फोन करावा. पोलीस येईपर्यंत आडवं उभं राहणं, मशीन थांबवणं, गरजेपुरतं ढकलून बाहेर काढणं चालेल. पळून जाण्याची सक्ती कायद्यात नाही. पण इथे जीव घेता येत नाही. कलम ४१ मध्ये मालमत्तेसाठी मृत्यू घडवण्यापर्यंत हक्क पोचण्याचे प्रसंग मोजके आहेत : जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला किंवा मालाच्या कोठाराला आग लावणं, अशासारखे. मोकळ्या शेतातली नुसती घुसखोरी त्यात बसत नाही.

३) समोरच्याने डोक्यावर कोयता उगारला. आता प्रश्न जमिनीचा राहिला नाही, जिवाचा झाला. कलम ३८ लागू होतं. हातातल्या फावड्याचा फटका बसून तो मेला, तरी तो बचाव ठरू शकतो.

४) कोयता खाली पडला आणि तो गाडीकडे पळाला. इथे थांबायचं. मागे धावून मारलं, तर मारणाराच आरोपी.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रसंगात कदाचित दहा सेकंदांचं अंतर असेल. खटल्याचा निकाल बऱ्याचदा त्या दहा सेकंदांवर ठरतो. म्हणून न्यायालय जखमांच्या जागा बारकाईने पाहतं. पाठीवरच्या जखमा, माणूस खाली पडल्यावर केलेले वार, रक्त सांडलेली जागा आणि आरोपीच्या अंगावरच्या जखमा यांवरून कोण कोणाच्या मागे होतं, हे बरंच कळतं.

मर्यादा ओलांडली तर?

बचाव करताना प्रामाणिकपणे, सूडाचा किंवा गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हेतू न ठेवता मर्यादा ओलांडली गेली आणि माणूस मेला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो (कलम १०१, अपवाद २). शिक्षा होते, पण खुनाची नाही. बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. मात्र त्याला तो संशयापलीकडे सिद्ध करावा लागत नाही. त्याचं म्हणणं अधिक संभवनीय वाटलं, तरी पुरतं.

स्वाध्याय

१. अमजद खान यांनी जमाव पांगल्यावर गोळी झाडली असती, तर निकाल काय लागला असता? कारण लिहा.

२. वरच्या दुसऱ्या प्रसंगात शेतकऱ्याने जेसीबी चालकाच्या डोक्यात दगड घातला. कलम ३७ आणि ४१ च्या आधारे उत्तर द्या.

३. 'प्रमाण हत्यारांचं नसतं, धोक्याचं असतं' हे स्वतःच्या उदाहरणाने स्पष्ट करा.