घरी मोजलेला रक्तदाब फोनवरून डॉक्टरांकडे : गोळीची मात्रा ठरवण्यासाठी काय पाठवावे

सरोजिनी नगरापासून सफदरजंग रुग्णालय दूर नाही, तरीही रक्तदाबाची एक गोळी कमी-जास्त करून घेण्यासाठी तेथील बाह्यरुग्ण विभागात अर्धा दिवस सहज जातो. शिवाय रांगेत उभे राहून, जिना चढून आलेल्या माणसाचा दवाखान्यात एकदाच मोजलेला रक्तदाब त्याच्या एरवीच्या रक्तदाबापेक्षा पुष्कळदा अधिक भरतो. घरी नीट घेतलेल्या आठवडाभराच्या नोंदी या कामी अधिक विश्वासार्ह असतात. त्या फोनवरून पाठवून डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेता येते. मात्र संदेशात काय आहे, यावर तो उपयोगी पडतो की नाही हे ठरते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ मार्च २०२० रोजी जाहीर केलेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनी अशा सल्ल्याला स्पष्ट आधार दिला आहे. त्याच डॉक्टरांनी आपल्याला त्याच आजारासाठी मागील सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासले असेल, तर तो पाठपुराव्याचा सल्ला ठरतो. अशा वेळी चालू औषध पुढे लिहून देणे किंवा त्याच आजारासाठी जोडीचे औषध सुचवणे डॉक्टरांना शक्य असते. प्रत्यक्ष येणे आवश्यक वाटल्यास तसे सांगण्याचा त्यांचा अधिकार अर्थातच कायम राहतो. म्हणून पहिली भेट दवाखान्यातच घ्यावी आणि नोंदी कोणत्या क्रमांकावर किंवा ॲपवर पाठवायच्या, उत्तर किती दिवसांत येईल, हे तेव्हाच विचारून घ्यावे. डॉक्टरांचा खासगी क्रमांक कोठून तरी मिळवून त्यावर आकडे धाडू नयेत. सकाळच्या शुभेच्छांच्या गर्दीत ते हरवतात.

मोजणी सलग सात दिवस करावी. सकाळी लघवी करून, पण गोळी व न्याहारी घेण्यापूर्वी, आणि संध्याकाळी जेवणापूर्वी. आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू व व्यायाम टाळावा. पाठ टेकून, दोन्ही पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. उघड्या दंडावर पट्टा बांधून हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवावा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे. मोजताना बोलू नये. यंत्रावर SYS समोर दिसतो तो वरचा आकडा व DIA समोरचा खालचा. दोन्ही जसेच्या तसे लिहावेत. १४३ ला १४० करू नये आणि ‘हा जरा जास्त आला’ म्हणून एखादी नोंद गाळू नये. चांगल्या तेवढ्याच नोंदी पाठवणाऱ्या रुग्णाची मात्रा वाढायला हवी असताना वाढत नाही.

एकाच यंत्रावर पती-पत्नी दोघेही मोजत असतील, तर यंत्राच्या स्मृतीत दोघांचे आकडे मिसळतात. पडद्याचे छायाचित्र पाठवणाऱ्या घरांत हा घोटाळा फार सहज होतो. वहीत नावानिशी नोंद करून त्या पानाचे छायाचित्र पाठवणे आम्हाला अधिक सुरक्षित वाटते.

एक कल्पित उदाहरण पाहू. ६१ वर्षांच्या एक बाई ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची गोळी रोज घेतात. जानेवारीत त्यांची सून संदेश लिहिते :

‘नाव, वय ६१, केसपेपर क्रमांक. ॲम्लोडिपिन ५ मिग्रॅ, रोज सकाळी ८ वाजता. या आठवड्यात एकही गोळी चुकली नाही. पहिला दिवस वगळून सहा दिवसांच्या २४ नोंदी : सकाळची सरासरी १५२/९०, संध्याकाळची १३८/८४, एकूण १४५/८७. चक्कर नाही, पायांना सूज नाही. थंडीमुळे गुडघे दुखतात, म्हणून दहा दिवस औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी चालू आहे. वहीच्या पानाचे छायाचित्र सोबत.’

पहिल्या दिवशी माणूस यंत्रालाच थोडा बिचकतो, म्हणून तो दिवस सरासरीत धरत नाहीत. घरच्या मोजणीची सरासरी साधारणपणे १३५/८५ च्या खाली असावी. येथे ती वर आहे. तरीही डॉक्टर लगेच मात्रा वाढवत नाहीत, कारण त्यांचे लक्ष वेदनाशामक गोळीकडे जाते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधे शरीरात मीठ व पाणी धरून ठेवतात आणि रक्तदाब वाढवतात. ते वाक्य संदेशात नसते, तर बाईंना नको असलेले औषध मिळाले असते. डॉक्टर ती गोळी थांबवून आणखी एक आठवडा मोजायला सांगतात. या वेळी सरासरी १४१/८६ येते. आता मात्र ते टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम जोडतात आणि थोड्या दिवसांनी रक्तातील क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासायला सांगतात. या औषधाचा मूत्रपिंडावर व पोटॅशियमवर परिणाम होऊ शकतो आणि तो फोनवर कळत नाही. तपासणीसाठी रक्त द्यावेच लागते.

दिल्लीच्या हवेमुळे ही गोष्ट येथे संपत नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात व रक्तदाब चढतो, तर उन्हाळ्यात त्या सैल होतात, घामाने पाणी जाते आणि तो उतरतो. कोकणातून किंवा पुण्याहून बदलीवर आलेल्या कुटुंबांना इतक्या मोठ्या फरकाची सवय नसते. मे महिन्यात याच बाईंना अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागते. सून बसून व उभे राहून असे दोन्ही आकडे कळवते : बसून ११४/६८, उभे राहून एका मिनिटाने ९२/६०. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरणे ही डॉक्टरांसाठी महत्त्वाची खूण आहे. ते टेल्मिसार्टन निम्मे, म्हणजे २० मिलिग्रॅम करतात आणि आठवड्याने पुन्हा नोंदी मागवतात. मात्रा कमी करण्यासाठीही नोंदी पाठवायच्या असतात, हे अनेक घरांत लक्षात येत नाही. तेथे रुग्ण आपल्या मनाने गोळीच सोडून देतो. या उदाहरणातील औषधे व आकडे स्वतःला लावू नयेत.

नोंदी पाठवल्याने आपोआप फरक पडत नाही. इंग्लंडमधील २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,१८२ रुग्ण होते. वर्षभरानंतर नेहमीच्या उपचारांवरील गटाचा वरचा रक्तदाब सरासरी १४०.४ होता, तर घरी मोजून आकडे फोनवरून कळवणाऱ्या गटाचा १३६.०. घरच्या नोंदी डॉक्टरांनी मात्रा ठरवताना वापरल्या, म्हणून हा फरक पडला. संदेशापुढे निळी खूण दिसली म्हणजे उत्तर आले असे मानू नये. ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास दवाखान्यात फोन करावा, तोवर चालू मात्रा तशीच ठेवावी. बदल लेखी चिठ्ठीवर, डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक व सही यांसह मागून घ्यावा आणि जुनी चिठ्ठी बाजूला काढून ठेवावी. बोलण्यातले ‘पाव’ आणि ‘पाच’ ऐकण्यात चुकतात.

वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० झाला, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे. तो तसाच राहिल्यास संदेश न पाठवता त्याच दिवशी डॉक्टरांशी प्रत्यक्ष बोलावे. सोबत छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा असह्य डोकेदुखी असेल, तर आकडा कितीही असो, ११२ वर फोन करून तातडीने रुग्णालय गाठावे. जुलाब-उलट्या लागल्या असतील, तर टेल्मिसार्टनसारखी गोळी घ्यावी की थांबवावी हे त्याच दिवशी विचारावे. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांचे घरच्या यंत्रावरचे आकडे चुकू शकतात. गरोदर स्त्रियांच्या नोंदींचा अर्थ वेगळा लावला जातो. या दोघांनी फोनच्या नोंदींवर किती विसंबावे, हे आपल्या डॉक्टरांकडून पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावे.