ऐंशी रोपांची तजवीज

नमुन्याच्या आकाराविषयी सल्ला घ्यावयास संशोधक माझ्याकडे येतात तेव्हा आकडा बहुधा आधीच ठरलेला असतो आणि त्यावर मंजुरीची मोहोर तेवढी हवी असते. अशीच एक तजवीज काही काळापूर्वी माझ्यापुढे आली. एका जनकात फुलाचा रंग आणि बियांचा आकार ही दोन्ही लक्षणे प्रभावी, दुसऱ्यात दोन्ही अप्रभावी. त्यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत ९:३:३:१ हे मेंडेलचे प्रमाण टिकते, की दोन्ही जनुके एकाच गुणसूत्रावर सहलग्न असल्यामुळे ते बिघडते, हे काय-वर्ग कसोटीने पाहावयाचे होते. मसुद्यात ८० रोपांची तरतूद होती. सर्वांत लहान वर्गाचा वाटा एक षोडशांश असल्याने ८० रोपांत त्याची अपेक्षित संख्या ५ येते आणि तेवढी आली की नियम पाळला जातो, असे त्यामागचे समर्थन होते.

नियम खोटा नाही. परंतु काय-वर्गाचे कोष्टक लहान संख्यांवर विश्वासार्ह राहावे, एवढीच त्याची मर्यादित जबाबदारी आहे. खरोखर असलेला फरक कसोटीच्या नजरेस पडेल की नाही, याविषयी तो काहीच बोलत नाही. त्यासाठी प्रथम, किती फरक सापडलाच पाहिजे, हे संशोधकाने विषयाच्या ज्ञानावरून सांगावे लागते. आमच्या प्रकरणात ४० टक्के पुनःसंयोजन, म्हणजे क्षीण सहलग्नता, ही सीमा ठरली. तसे असल्यास दोन टोकांच्या वर्गांचे वाटे प्रत्येकी ०.०२७५ ने वाढतात आणि मधल्या दोहोंचे तेवढ्यानेच घटतात. प्रत्येक फरकाचा वर्ग करून त्याला अपेक्षित वाट्याने भागावे आणि बेरीज घ्यावी. ती येथे ०.०२१५ येते. हा w² होय, आणि त्याचे वर्गमूळ w, सुमारे ०.१५, हे जेकब कोहेन यांनी रूढ केलेले परिणाममान.

पर्यायी परिकल्पना सत्य असेल तर काय-वर्गाचे मूल्य नेहमीच्या वितरणापासून उजवीकडे सरकते, आणि हे सरकणे रोपांची संख्या गुणिले w² इतके असते. ५ टक्के सार्थता पातळीवर ८० टक्के वेळा फरक पकडावयाचा असेल, तर ३ स्वातंत्र्यमात्रांना हा गुणाकार १०.९० असावा लागतो. म्हणून

n = 10.90 / 0.0215 ≈ 507

म्हणजे रोपे ५०७ हवीत. ८० रोपांवर तोच गुणाकार जेमतेम १.७ भरतो आणि कसोटीचे सामर्थ्य सुमारे १७ टक्के उरते. सहलग्नता असूनही सहांपैकी पाच वेळा ‘प्रमाण जुळते’ असाच निर्वाळा मिळाला असता.

यावर, आधी ८० रोपे मोजून त्यांवरूनच w काढावा आणि मग पुढील संख्या ठरवावी, अशी सूचना पुढे आली. ती दिसते तितकी निरुपद्रवी नाही. सहलग्नता मुळीच नसली तरी काय-वर्गाचे सरासरी मूल्य स्वातंत्र्यमात्रांइतके, म्हणजे ३ असते; त्याला ८० ने भागले की w² ०.०३७५ निघतो, जो आपण शोधत असलेल्या खऱ्या फरकाहूनही मोठा आहे. निव्वळ योगायोगाला परिणाम मानून २९१ रोपांवर समाधान मानण्याची वेळ त्यातून येते.

खर्च वाचविण्याचा सरळ मार्ग प्रयोगाच्या रचनेत होता. संकराचा दोन्ही लक्षणांत अप्रभावी जनकाशी पुन्हा संकर केला की अपेक्षित प्रमाण १:१:१:१ होते, आणि त्याच ४० टक्के पुनःसंयोजनाला वाटे ०.३, ०.३, ०.२, ०.२ असे पडतात. w² आता ०.०४ होतो आणि २७३ रोपे पुरतात. जनकांसारखे दोन वर्ग एकत्र आणि पुनःसंयोजित दोन एकत्र केले, तर वाटे ०.६ आणि ०.४ होतात, w² तोच ०.०४ राहतो, परंतु स्वातंत्र्यमात्रा एकच उरल्याने आवश्यक गुणाकार ७.८५ वर येतो आणि संख्या १९७ वर उतरते. फरक तेवढाच, पण तो तीन दिशांना न शोधता एकाच दिशेला शोधल्यामुळे ७६ रोपे कमी लागतात.

ही सवलत बिनशर्त मात्र नाही. वर्ग एकत्र करण्याचा निर्णय मोजणीपूर्वी लेखी नोंदवावा, कारण आकडे पाहून सोयीची जोडी निवडली तर ७.८५ हा आकडा लागूच पडत नाही. शिवाय एका लक्षणाचेच वाटप बिघडून १:१ ऐवजी ६०:४० झाले असेल, तर जनुके स्वतंत्र असतानाही चार वर्ग विषम होतात. एकत्रित दोन वर्ग तरी अर्धे-अर्धेच राहतात आणि बिघाड कसोटीला दिसत नाही. बियांची उगवण असमान असल्याची शंका होती, म्हणून मी १९७ ची शिफारस केली नाही. मसुद्यात २७३ हा आकडा गेला, आणि न उगवणाऱ्या बियांसाठी वेगळी तरतूद त्याखाली लिहिली.