ई-चलन ऑनलाइन भरलं, पण ते खरंच मिटलं का?



मागच्या व्हिडिओत आपण सेकंडहँड टेम्पो घेताना कोणती कागदपत्रं बघायची ते पाहिलं. त्यातला ई-चलनाचा भाग घाईत उरकला गेला, म्हणून आज फक्त तेवढंच घेऊ. दंड कसा भरायचा हे बहुतेकांना येतं. भरल्यानंतर तो सरकारी नोंदीत "भरला" म्हणून लागला का, हे मात्र फारच थोडे लोक बघतात.

गिऱ्हाईक काउंटरवर मोबाइल दाखवतं आणि म्हणतं, "भाऊ, पैसे गेले बघा." तेव्हा तुम्ही त्याचा स्क्रीन बघून माल देता का? नाही. आपला साउंडबॉक्स वाजला का, आपल्या खात्यावर एंट्री आली का, ते बघता. दंड भरताना तुम्ही त्या गिऱ्हाइकाच्या जागी असता. तुमच्या खात्यातून पैसे कापले गेले ही तुमच्या बँकेची नोंद झाली. मध्ये पेमेंट गेटवे असतो, त्याची दुसरी नोंद. आणि चलनासमोर "पेड" लागतं ती तिसरी. चलन मिटतं ते या तिसऱ्या नोंदीने.

आमच्या बॅचमधल्या सावंतवाडीच्या एका दादांचं उदाहरण घेऊ. काजू आणि कोकमाचा धंदा, डिलिव्हरीला छोटा हत्ती. टेम्पो विकायचा ठरला आणि गिऱ्हाइकाने १०,००० रुपये टोकन दिलं. टेम्पोवर तीन चलनं होती: ५००, ५०० आणि १,५००. दादांनी सोमवारी संध्याकाळी तिन्हींवर टिक करून २,५०० रुपये यूपीआयने भरले. पैसे कापल्याचा मेसेज आला, पण साइटवरचं पान गोल गोल फिरत राहिलं आणि बंद पडलं. दादांनी यूपीआय ॲपमधल्या हिरव्या टिकचा स्क्रीनशॉट घेऊन गिऱ्हाइकाला पाठवला. गिऱ्हाईक हुशार निघालं. त्याने गाडीचा नंबर टाकून साइटवर बघितलं, तर तिन्ही चलनं अजून बाकीच दिसत होती.

दादांनी मला फोन केला तेव्हा ते पुन्हा २,५०० भरायच्या तयारीत होते. मी म्हटलं, थांबा.

झालं काय होतं? पैसे बँकेतून निघाले, पण "मिळाले" हा निरोप चलनाच्या साइटपर्यंत पोचला नव्हता. अशा वेळी दोनपैकी एक होतं. निरोप उशिराने पोचतो आणि चलन पेड होतं, किंवा पैसे आपोआप खात्यात परत येतात. यूपीआयने दुकानदाराला किंवा संस्थेला केलेलं पेमेंट कापलं गेलं पण पलीकडे कन्फर्म झालं नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. म्हणून कोर्टाची तारीख डोक्यावर नसेल तर तेवढे दिवस दुसऱ्यांदा भरू नका. दोनदा भरलेले पैसे परत मागण्यात जास्त चपला झिजतात.

बुधवारी सकाळी दादांनी पुन्हा बघितलं. तपासायची रीत सोपी आहे. ब्राउझरमध्ये स्वतः `mahatrafficechallan.gov.in` टाइप करायचं, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकायचे. मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका. शेवटी `.gov.in` नसलेली साइट किंवा व्हॉट्सॲपवर आलेली चलनाची फाईल म्हणजे फसवणूक समजा. बाकीच्या यादीतून चलन गायब झालं एवढ्यावर समाधान मानू नका. ते भरलेल्यांत दिसतंय का, आणि चलन नंबर तोच आहे का, हे बघा. दादांची तिन्ही तिथे आली होती.

पण गोष्ट इथे संपली नाही. टेम्पो गोव्यात जायचा. महाराष्ट्र पोलिसांची साइट आणि केंद्राची परिवहनची साइट वेगळ्या आहेत. गोव्यातलं चलन दिसतं `echallan.parivahan.gov.in` वर. तिथे बघितलं तर म्हापशाचं एक चलन बाकी निघालं! ते भरल्यावर स्टेटस `Pending` चं `Disposed` झालं, तेव्हा कुठे व्यवहार पुढे सरकला. तुमची गाडी राज्याबाहेर जात असेल तर दोन्ही साइट बघायच्याच.

चलन जुनं असेल तर ते व्हर्च्युअल कोर्टाकडे गेलेलं असू शकतं. मग दंड `vcourts.gov.in` वर भरायचा, आणि तिथली पावती सीएनआर नंबरासकट जपायची, कारण त्या केसची ओळख त्या नंबरावरूनच पटते.

आता पुरावा काय ठेवायचा? यूपीआयचा स्क्रीनशॉट कमजोर पुरावा आहे. त्यावर रक्कम असते, वेळ असते, पण ती कोणत्या चलनाची हे बहुधा नसतं. दादांच्या २,५०० मध्ये तीन चलनं होती, हे त्या हिरव्या टिकवरून कुणाला कळणार? चलन नंबर असलेली साइटवरची पावती हा खरा कागद. ती पीडीएफ करून ठेवा. तिच्यासोबत "पेड" दाखवणाऱ्या पानाची पीडीएफ ठेवा. कॉम्प्युटरवरून प्रिंटला देऊन सेव्ह केलं तर खाली साइटचा पत्ता आणि वर तारीख सहसा आपोआप येते. तिसरा कागद म्हणजे बँक स्टेटमेंटमधली ती ओळ, १२ अंकी यूटीआर नंबरासह. पैसे अडकले तर बँकेत तक्रार याच नंबरावर चालते.

फाईलला नाव देताना गाडी नंबर, चलन नंबर, तारीख असं द्या. "IMG" ने सुरू होणारी फाईल दोन वर्षांनी सापडत नाही. एसएमएसवर विसंबू नका, मोबाइल बदलला की ते जातात. गाडी विकलीत तर आरसीवर नव्या मालकाचं नाव चढेपर्यंत यातलं काहीच डिलीट करू नका. दंड भरल्यानंतरही कधी कधी लोकअदालतीची नोटीस मोबाइलवर येते. तेव्हा आधी साइटवरचं स्टेटस बघा. पेड असेल तर ती पीडीएफ आणि पावती दाखवून विषय संपतो.

गाडीवर ड्रायव्हर ठेवला असेल तर अजून एक. "शेठ, मी भरलं" म्हणून त्याने स्क्रीनशॉट पाठवला की लगेच पैसे देऊ नका किंवा पगारात हिशोब करू नका. साइटवर पेड दिसल्यावर द्या. त्यात त्याच्यावर अविश्वासाचं काही नाही, त्याचेही पैसे मध्येच अडकलेले असू शकतात.

आणि हो, हिशोबाच्या वहीत हा दंड डिझेल-दुरुस्तीच्या खात्यात घुसडू नका. कायदा मोडल्याबद्दलचा दंड इन्कम टॅक्समध्ये धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही. वेगळ्या नावाने लिहा आणि पावतीची पीडीएफ सीएंना वर्षाच्या शेवटी बाकीच्या कागदांबरोबर द्या, म्हणजे तो आकडा काय आहे हे त्यांना तुम्हाला फोन करून विचारावं लागणार नाही.