नावात एक रेघ जास्त

येवल्यात पैठणीचं दुकान चालवायचं तर हल्ली अर्धं गिऱ्हाईक मोबाइलवरून येतं. मागावरून साडी उतरली की तिचा पदर, काठ आणि मुद्दाम उलटी बाजूसुद्धा दाखवून आम्ही व्हिडिओ टाकतो. हे सगळे व्हिडिओ उचलून कुणीतरी इन्स्टाग्रामवर आमच्याच नावाचं दुसरं पेज थाटलं. लोगो आमचा, पत्ता आमचा, व्हिडिओत बोलणारा आवाज माझ्या मुलाचा. नावाच्या शेवटी तेवढी एक खालची रेघ, अंडरस्कोर, जास्त होती. मला पत्ता लागला तो नागपूरच्या एका शिक्षिकाबाईंच्या फोनमुळे. "दादा, साडी निघाली का? कुरिअरचेपण भरले मी."

त्यांनी पाठवलेल्या दुव्यावर टिचकी मारली, तर पेज माझ्या मोबाइलवर उघडेना. बायकोच्या मोबाइलवर मात्र लगेच उघडलं. नक्कल करणारा खऱ्या मालकाला आधी ब्लॉक करून ठेवतो. म्हणून गिऱ्हाईक सांगतंय आणि आपल्याला दिसत नाही, तेव्हा त्याला खोटं पाडू नये, घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन घ्यावा.

ताईंना गाठलं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. आमच्या खऱ्या व्हिडिओखाली त्यांनी 'किंमत?' असं विचारलं होतं. आम्ही दुकानात गर्दीत होतो. उत्तर तिकडून गेलं, थेट त्यांच्या इनबॉक्समध्ये. लग्नसराईची सूट, आज २,००० भरून साडी राखून ठेवा, बाकी साडी हातात पडल्यावर. ते भरल्यावर जीएसटी आणि कुरिअरचे ३,५००, वर 'हे बिलात वळते होतील' असं आश्वासन. साडीची पूर्ण किंमत एकदम मागितली असती तर ताईंनी नक्की दुकानात फोन केला असता. मागणी छोटी ठेवायची आणि दुसऱ्यांदा हात पुढे करायचा, अशी ही रीत. तेव्हापासून आम्ही व्हिडिओखाली भाव लिहूनच टाकतो. 'किंमत इनबॉक्समध्ये' लिहिणारे दुकानदार या मंडळींना गिऱ्हाइकांची यादीच तयार करून देतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग सूचना लिहायला बसलो. बाजारात अशा सूचना पुष्कळ दिसतात. लाल अक्षरांत 'सावधान, आमच्या नावाने बनावट पेज सुरू आहे', खाली दोन उद्गारचिन्हं. गिऱ्हाइकाने त्यावरून ओळखायचं काय? शिवाय ती सूचना पेजवर टाकली की नक्कल करणारा तीही उचलतो. आमच्या बाबतीत तेच झालं. आमचं 'सावधान' दुसऱ्या दिवशी त्याच्या पेजवर, आणि खोटे म्हणून आम्ही! तेव्हा सूचनेत असं काही हवं की जे उचलून त्याचा उपयोग होणार नाही. शेवटी मजकूर असा ठेवला:

"आमच्या दुकानाचे पैसे फक्त दुकानाच्या चालू खात्यात घेतले जातात. पैसे भरताना पिन टाकण्याआधी अ‍ॅपमध्ये दुकानाच्या पाटीवरचं नाव दिसलं पाहिजे. एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं तर थांबा आणि तुमच्या जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन करा. पेजवरच्या किंवा मेसेजमधल्या नंबरवर करू नका."

यातलं नावाचं प्रकरण जरा नीट समजून घ्या. ताईंना क्यूआर कोडचं चित्र आलं होतं, त्यावर आमच्या दुकानाचं नाव ठळक छापलेलं. चित्रावर कुणीही काहीही छापू शकतो. पण खुद्द कोडच्या आतही नाव असतं, आणि तेही कोड बनवणाराच लिहितो. कोड उलगडला तर साधारण असा मजकूर निघतो:

```
upi://pay?pa=kahihi@bank&pn=Paithani%20Dukan
```

`pa` म्हणजे पैसे खरोखर जिथे जातात तो यूपीआय आयडी. `pn` म्हणजे नाव, आणि त्यात मनाला येईल ते घालता येतं. म्हणूनच एनपीसीआयने २०२५ च्या एप्रिलमध्ये सगळ्या यूपीआय अ‍ॅपना बजावलं की पैसे देणाऱ्याला बँकेच्या नोंदीतलंच नाव दाखवायचं, आणि ३० जूनपर्यंतची मुदत दिली. ते नाव खाते उघडताना बँकेने घेतलेलं असतं. ताईंच्या अ‍ॅपवर एका अनोळखी पुरुषाचं नाव आलं होतं. त्यांना वाटलं, दुकानातला हिशेबनीस असेल. तसं वाटणं साहजिक आहे, कारण कित्येक दुकानदार खरोखरच मुलाच्या नाहीतर पुतण्याच्या खात्यावर पैसे घेतात. तुम्हीही तसं करत असाल तर ही खूण तुमच्या गिऱ्हाइकाच्या कामाची नाही. गुमास्ता परवाना दाखवून दुकानाच्या नावाने चालू खातं उघडा, मगच सूचना लावा.

सूचना कुठे लावायची, हाही प्रश्न आहेच. पेजवर ती असतेच, पण आम्ही ती बिलाच्या मागे छापली, पिशवीवर छापली आणि जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. त्या भामट्याचा हात आमच्या बिलबुकापर्यंत पोचत नाही.

पेजच्या वयावरून ओळखा, असं बरेच जण सांगतात. इन्स्टाग्रामवर नावाजवळच्या तीन टिंबांतून About this account उघडलं की खातं कधी सुरू झालं ते कळतं. पण त्यावर फार विसंबू नका. जुनी खाती विकत घेऊन नाव बदललं जातं. आमची नक्कल चांगली चार वर्षांची निघाली. तिथेच आधीची नावं किती वेळा बदलली याचा आकडा असतो, तो जास्त बोलका. आणि पोस्टच्या तारखा बघा. आमचे दोन वर्षांचे व्हिडिओ तिकडे दोन दिवसांत चढले होते.

पैसे गेलेच असतील तर पेजशी वाद घालत बसू नका. ताईंना मी फोनवर धरूनच १९३० लावायला सांगितलं. ती सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. तिथे रक्कम, वेळ, स्वतःची बँक आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक लागतो. तो अ‍ॅपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. तक्रार शक्यतो ज्याचे पैसे गेले त्यानेच करायची, त्याच्या वतीने दुकानदाराने नव्हे. cybercrime.gov.in वरही नोंद होते. समोरच्या खात्यात रक्कम शिल्लक असेल तर ती रोखली जाते, म्हणून तासाभराचा फरकही पडतो. ताईंचे ३,५०० अडकले, आधीचे २,००० पुढच्या खात्यात निघून गेले होते. अडकले म्हणजे परत आले असं नाही, त्यापुढे पोलिसांची कागदपत्रं आहेत, आणि त्यात वेळ जातो. मधल्या काळात 'पैसे परत मिळवून देतो' म्हणून फोन येतात. एकाने ताईंना परताव्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

दुकानदाराची तक्रार वेगळी. ओळख चोरून फसवणूक यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६-क आणि ६६-ड ही कलमं आहेत. इन्स्टाग्रामकडे तक्रार मालकाच्या नावे, दुकानाचा परवाना जोडून करावी. सगळ्या गिऱ्हाइकांना 'रिपोर्ट करा' म्हणून विनवण्यात अर्थ नाही. किती जणांनी तक्रार केली यावरून निर्णय होत नाही. तक्रारीआधी त्या पेजचा पूर्ण दुवा, वापरनाव आणि मेसेज यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. पेज गेलं की पुरावाही जातो.

आमच्या नावाचं ते पेज गेलं. मागच्या आठवड्यात आणखी एक आलं आहे, या वेळी शेवटी official जोडून. त्याचे स्क्रीनशॉट काढून झाले, तक्रारही टाकली आहे.