वितरकाला पत्र लिहिताना

शिरूर तालुक्यात, घोड आणि भीमा या नद्यांच्या मधल्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेच्या एका खोलीत गावाचे वाचनालय चालते. त्याची किल्ली माझ्याकडे असते आणि पुस्तकांची मागणी करणारी पत्रेही मीच लिहिते. पत्र जाते पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या वितरकांना किंवा थेट प्रकाशकांना. शिरूर-दौंड भागातल्या इतर शाळांतले शिक्षक मसुदा मागतात. नुसता मसुदा देऊन भागत नाही, म्हणून त्यामागचे अनुभवही लिहून ठेवते आहे.

1. ‘मुलांसाठी पुस्तके पाठवा’ असे कधी लिहू नये.

असे पत्र गेले की दुसऱ्या दिवशी फोन येतो, “मॅडम, शंभर पुस्तकांचा संच तयार आहे, शाळांना तोच देतो.” असा संच मी उघडून पाहिला आहे. त्यात थोर पुरुषांची बारीक टायपातली चरित्रे, सामान्यज्ञान, निबंधमाला आणि एकाच साच्यातल्या बोधकथा होत्या. दुसरीतल्या मुलाला स्वतःच्या बळावर वाचता येईल असे त्यात जवळपास काही नव्हते. वितरक मुद्दाम फसवतो असे मला वाटत नाही. गोदामात जे जास्त आहे ते तो आधी काढणार, हा त्याचा धंदा आहे. आपल्याला नेमके काय हवे ते कागदावर नसेल, तर त्याच्यापुढे दुसरी वाट तरी कुठली असते? म्हणून पत्रासोबत यादी जाते आणि यादीत शीर्षक, लेखक, प्रकाशक, आयएसबीएन, छापील किंमत आणि प्रतींची संख्या असते. प्रतींचा रकाना सर्वांत महत्त्वाचा.

2. वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी एकाच पुस्तकाच्या सहा प्रती घ्याव्यात.

वाचनालय म्हटले की जितकी जास्त शीर्षके तितके चांगले असे गावाला वाटते. मोठ्यांच्या कपाटाला ते लागू आहे. पण जे मूल अजून अक्षरावर बोट ठेवून वाचते, त्याला सोबत लागते. एकाच पुस्तकाच्या सहा प्रती असल्या की सहा मुले गोल करून बसतात. एक मोठ्याने वाचतो, बाकीची आपापल्या प्रतीत बोट फिरवतात, आणि कोणी अडले की शेजारचा सांगतो. एकच प्रत असेल तर पुस्तक हातात असलेला वाचतो आणि पाचजण चित्र पाहण्यासाठी ढकलाढकली करतात.

एवढ्या प्रती मागितल्या की वितरक हटकून विचारतो, “चुकून सहा लिहिले का?” म्हणून पत्रातच लिहावे की सहा प्रती हेतुपूर्वक मागवल्या आहेत आणि त्याऐवजी दुसरी शीर्षके पाठवू नयेत.

सहा प्रतींची पुस्तके पातळ हवीत, सोळा ते चोवीस पानांची आणि मधोमध तारेची पिन मारलेली. नुसत्या डिंकाने चिकटवलेली पुस्तके आमच्याकडे टिकत नाहीत. उन्हाळ्यात पत्र्याखाली डिंक कडक होतो, पुस्तक सपाट उघडले की पाठ तडकते आणि पाने सुटी होतात. ही अटही यादीत जावी.

3. पातळीचा शिक्का पाहावा, पण जोडाक्षरे स्वतः मोजावीत.

प्रथम बुक्सच्या गोष्टींवर वाचनाची पातळी 1 ते 4 अशी छापलेली असते. त्याचा उपयोग होतो. मात्र ही पातळी मुख्यतः गोष्टीची लांबी आणि रचना पाहून ठरते, आणि पुष्कळ गोष्टी मुळात दुसऱ्या भाषेत लिहिलेल्या असतात. मराठीत आल्यावर पहिल्या पातळीच्या पानावरही ‘उत्सुक’, ‘स्वच्छ’, ‘आश्चर्य’ असे शब्द ओळीने येऊ शकतात. काना-मात्रा नुकत्याच जमू लागलेल्या मुलाला एका पानावर दोन-तीन जोडाक्षरे पेलतात. त्यापेक्षा जास्त झाली की ते चित्र पाहून अंदाजाने बोलू लागते. नजर अक्षरावर नसून चित्रावर आहे, हे समोर बसले की लगेच कळते.

माझी पद्धत साधी आहे. प्रथम बुक्सच्या बऱ्याच गोष्टी स्टोरीवीव्हर या त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. यादी करण्याआधी तिथली गोष्ट मोबाइलवर उघडून दोन-तीन मुलांकडून एकेक पान वाचून घेते. पन्नास शब्दांत पाचपेक्षा जास्त ठिकाणी मूल अडले, तर ते पुस्तक त्याला एकट्याने वाचायला अवघड आहे. मी वाचून दाखवण्यासाठी ते चालेल, पण मग सहा प्रतींची गरज नाही, एक पुरते. जी पुस्तके अशी पाहता येत नाहीत, त्यांची नमुना प्रत मागावी किंवा पुण्याला जाणे होईल तेव्हा दुकानात उभे राहून मधले एक पान वाचावे. पहिले पान नेहमीच सोपे असते.

थोडे पुढे गेलेल्या मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे भाग (ज्योत्स्ना प्रकाशन) मी दर यादीत ठेवते. बालगट आणि कुमारगट अशी विभागणी असल्याने कोणत्या मुलाला कोणता भाग द्यायचा हा प्रश्न पडत नाही. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली मराठी पुस्तके आणि बालभारतीचे ‘निवडक किशोर’ ही एकेका प्रतीची खरेदी.

4. पत्र एका पानाचे असावे आणि प्रत्येक वाक्यात काहीतरी ठरावे.

शाळा किती जुनी, गाव किती गरीब, वाचनाचे महत्त्व काय, हे वितरकाला सांगून उपयोग नसतो. तो तीन गोष्टी शोधतो: किती माल, पैसे कोण आणि कधी देणार, माल कुठे पोचवायचा. माझ्या पत्राचा गाभा असा:

“प्रति, मा. व्यवस्थापक. स.न.वि.वि. सोबतच्या यादीतील मराठी पूरक वाचनाची पुस्तके आमच्या शाळेतील गाव वाचनालयासाठी हवी आहेत. कृपया प्रत्येक पुस्तकाची सध्याची छापील किंमत, त्यावरील सूट आणि शिल्लक प्रती कळवाव्यात. जे पुस्तक शिल्लक नसेल त्यापुढे ‘नाही’ लिहावे. न विचारता बदली पुस्तक पाठवू नये. फाटकी, पाने गहाळ किंवा उलटी बांधलेली प्रत पंधरा दिवसांत बदलून मिळावी. पोचवण्याचा खर्च कोणाकडे, हे दरपत्रकात स्वतंत्र दाखवावे. बिल मुख्याध्यापकांच्या नावे असावे. माल तपासल्यावर शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यातून रक्कम जमा होईल. आगाऊ रक्कम देता येणार नाही.”

खाली मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि शाळेचा यु-डायस क्रमांक. हेच पत्र शब्दशः तिघांना पाठवावे. दरपत्रके तीन लागतातच, आणि मागणी एकच असली तरच दर शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. एकाने सूट जास्त दाखवून वाहतूक आपल्यावर टाकलेली असते, दुसऱ्याने सूट कमी देऊन शिरूर स्टँडपर्यंत पोच दिलेली असते. शेवटची बेरीज पाहावी. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तेव्हा पुस्तकांच्या रकमेवर कर लावलेला दिसला तर तिथेच विचारावे.

5. रक्कम लहान असली की हिशेब आधी मांडावा.

समग्र शिक्षामधून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी 5,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. तेवढ्यात काय बसते ते पाहू. पन्नास रुपयांच्या आसपासची बारा पातळ पुस्तके, प्रत्येकी सहा प्रती, म्हणजे 72 प्रती आणि 3,600 रुपये. 20 टक्के सूट मिळाली तर 2,880. सरासरी 80 रुपयांची 28 पुस्तके एकेक प्रत, 2,240 रुपये, सुटीनंतर 1,792. दोन्ही मिळून 4,672 रुपयांत शंभर पुस्तके झाली आणि 328 रुपये उरले. मुळातच स्वस्त असलेल्या पुस्तकांवर इतकी सूट मिळेलच असे नाही. ती 10 टक्क्यांवर आली तर मी एकेरी पुस्तके कमी करते. सहाचा गट मोडत नाही.

शंभर पुस्तकांचे वजन साधारण आठ-नऊ किलो भरते. टपाल खात्याची स्वस्त नोंदणीकृत बुक पोस्ट सेवा डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली तेव्हा आमच्यासारख्यांची अडचण झाली होती. 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली आहे. तीत 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत 100 रुपये, वर कर. दोन गठ्ठे केले तर दोनशेच्या आसपास काम होते. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले हवे. नियतकालिके यात चालत नाहीत, त्यामुळे ‘किशोर’चे अंक याच गठ्ठ्यात घालू नयेत, हे वितरकाला लिहून कळवावे. उरलेल्या पैशांत रुंद चिकटपट्टी आणते आणि पुस्तक पहिल्यांदा कोणाच्याही हाती जाण्याआधी त्याच्या पाठीला लावते.

6. पत्र जुलैच्या मध्यात टाकावे.

जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. पाठ्यपुस्तके, वह्या, गाइड यांच्या गर्दीत गोष्टीच्या पुस्तकांची यादी घेऊन गोदामात जायला कोणाला सवड नसते. मार्चमध्ये उलटी घाई असते. अनुदान 31 मार्चच्या आत खर्च करायचे म्हणून सगळ्या शाळा एकदम मागणी करतात, पातळ पुस्तके संपतात आणि मग तो तयार संच गळ्यात पडतो. जुलैत दरपत्रक मागितले, ऑगस्टमध्ये मागणी नक्की केली, की दिवाळीच्या आधी पुस्तके कपाटात लागतात. अनुदान उशिरा येणार असेल तर ग्रामपंचायतीशी किंवा गावातल्या दात्याशी आधीच बोलून ठेवावे लागते.

दिवाळीच्या आधी म्हणण्यामागे आमच्या भागाचे कारण आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीड आणि नगरकडच्या. त्यांच्या कोप्या फडाजवळ पडतात आणि मुले शाळेत येतात. चौथीच्या वयाचे मूल कधी कधी पहिलीचे पुस्तकही सलग वाचत नाही, आणि त्याच्या हातात बाळबोध चित्रांचे पुस्तक दिले की ते लाजून खाली ठेवते. या मुलांसाठी यादीत वेगळी ओळ असावी: मजकूर पहिल्या पातळीचा, पण गोष्टीतली मुले नऊ-दहा वर्षांची. अशी पुस्तके थोडी मिळतात, म्हणून ती सापडली की सहाच्या जागी आठ प्रती मागवते. दोन प्रती कोपीवर जातात आणि तिथल्या धाकट्या भावंडांनाही मिळतात. काही परत येत नाहीत. गाळप हंगाम संपताना टोळी गावाकडे निघते, तेव्हा मी त्या मागत नाही.

7. गठ्ठा आल्यावर बिलावर सही करण्याआधी प्रत्येक प्रत उघडावी.

मोठ्या पुस्तकात पाने सोळा-सोळाच्या फर्म्यात शिवलेली असतात. गडबड झाली की एक फर्मा दोनदा लागतो आणि दुसरा गायब होतो. म्हणून पान 16, 32, 48 पाशी क्रमांक पाहावेत. पातळ पुस्तकात मधली पिन दोन्ही बाजूंनी नीट वळली आहे का ते बोटाने तपासावे, कारण उभी राहिलेली पिन लहान हाताला लागते. हे काम मी सातवीच्या मुलींना शिकवले आहे. एक यादी वाचते, दुसरी प्रती मोजते, तिसरी पाने पाहते. खराब प्रती वेगळ्या ठेवून त्यांचा फोटो आणि आयएसबीएन त्याच दिवशी वितरकाला कळवला की बदली बहुधा विनातक्रार मिळते.

नोंदवहीत मी आणखी एक रकाना ठेवते: कोणत्या पुस्तकाची पाठ पहिल्यांदा फाटली. सर्वांत आधी फाटलेली पुस्तके पुढच्या जुलैच्या यादीत सर्वांत वर जातात, पुन्हा सहा प्रती.