टाके ओले असताना काय बघावं

माझी बायपास झाली आणि घरी आल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण एखादा सिनेमा सुचवून गेला. "आता वेळच वेळ आहे, सगळं बघून घ्या," असं म्हणायचे. वेळ होता हे खरं, पण त्या वेळेत बसायला लागणारी ताकद नव्हती. ज्यांच्या घरी असं माणूस येणार आहे, त्यांना हे आधी कळावं म्हणून लिहिते आहे.

पहिली अडचण आली ती हसण्याची. मन रमावं म्हणून लेकीनं 'अशी ही बनवाबनवी' लावला. अख्खा सिनेमा माझा पाठ आहे, तेव्हा डोक्याला काही त्रास नव्हता. पण बायपाससाठी छातीचं मधलं हाड उभं कापतात, मग तारेनं बांधतात आणि ते जुळून यायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात. लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून आले आणि मला हसू फुटलं, हसण्यातून खोकला सुटला आणि छातीवर सुरी फिरल्यासारखी कळ गेली. खोकताना छातीशी घट्ट धरायला हॉस्पिटलात छोटी उशी देतात, तीही त्या दिवशी हाताशी नव्हती. नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हसल्यानं हाड सहसा सुटत नाही, दुखतं मात्र जबर; पण छातीत कटकट असा आवाज आला किंवा हाड हलल्यासारखं वाटलं, तर लगेच कळवा. पोटाच्या ऑपरेशननंतरही हसताना असंच दुखतं. म्हणून पहिले काही आठवडे खो-खो हसवणारं नको. ओठांवर हसू येईल इतपत विनोद पुरतो आणि काहीही लावण्याआधी उशी मांडीवर हवी.

दुसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही. भूल, वेदनाशामक गोळ्या, उताणं झोपावं लागल्यामुळे तुटक झोप, अंगातलं कमी झालेलं रक्त या सगळ्यांमुळे लक्ष टिकत नाही. समोरचं दिसतं, ऐकू येतं, पण पाच मिनिटांपूर्वीचं धरून ठेवता येत नाही. माझ्या भाच्यानं मोठ्या हौसेनं 'ब्योमकेश बक्शी' काढून दिलं. दूरदर्शनवर 1993 साली आलेली ती मालिका माझी लाडकी, आणि एक प्रकरण फार तर एकदोन भागांत मिटतं, म्हणजे वरवर पाहता अगदी सोयीची. पण रहस्यकथेत चार संशयित, त्यांची नावं, कोण कुठे होतं, हे सगळं डोक्यात बाळगावं लागतं. मधे डोळा लागला की धागा गेला. मग मागे नेऊन पुन्हा लावायचं, पुन्हा डुलकी. शेवटी मी नुसती "छान आहे" म्हणत राहिले. भाच्यानं एवढी खटपट केलेली, त्याला नको कसं म्हणणार? आजारी माणूस असंच करतं. तेव्हा त्याच्या शब्दांवर जाऊ नका. "हा कोण?" असं दोनदा विचारलं, मोठा आवाज आला की डोळे मिटले, किंवा नजर पडद्यावर आहे पण चेहरा हलत नाही, असं दिसलं की बंद करा. त्यावर प्रश्नही विचारू नका; आपल्याला समजत नाहीये हे बोलून दाखवावं लागलं की जास्त लागतं.

या काळात मला खरोखर झेपलं ते 'मालगुडी डेज'. आर. के. नारायण यांच्या कथांवर शंकर नाग यांनी ऐंशीच्या दशकात केलेली ही मालिका. एक भाग वीस-पंचवीस मिनिटांचा. लॉटरीत रोडरोलर लागलेल्या माणसाची गोष्ट घ्या. एक माणूस, एक अवजड वस्तू, आणि ती ठेवायची कुठे ही एकच अडचण. मधली पाच मिनिटं झोपेत गेली तरी डोळे उघडल्यावर रोडरोलर तिथेच असतो आणि तो माणूस अजून हैराणच असतो. निवड करताना मी हाच एक प्रश्न विचारायला शिकले: मधे झोप लागली तर काही हरवेल का? अर्थात त्याच मालिकेतले स्वामी नावाच्या मुलाचे भाग एकमेकांना जोडलेले आहेत, ते नंतरसाठी ठेवावेत.

छोट्या भागाचा आणखी एक फायदा झाला. बायपासनंतर दिवसातून अनेकदा थोडं थोडं चालायला सांगतात आणि फार वेळ एका जागी बसू देत नाहीत. भाग संपला की मी उठून गॅलरीपर्यंत फेरी मारून यायची. त्यासाठी पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय आधी बंद करून घ्यावी लागली. नाहीतर माणूस झोपलेलं असतं आणि टीव्ही तीन भाग पुढे गेलेला असतो.

पूर्ण सिनेमा बघायचाच असेल तर आधी पाहिलेला घ्या आणि तुकडे घरच्यांनी आधी ठरवा. आम्ही 'छोटी सी बात' असा पाहिला. पहिल्या दिवशी बसस्टॉपवरची अमोल पालेकर आणि विद्या सिन्हा यांची भेट. दुसऱ्या दिवशी असरानी आणि त्याची स्कूटर. पालेकर खंडाळ्याला अशोककुमारकडे शिकायला निघतो तिथे थांबलो, कारण तिथे गोष्टच श्वास घेते. उरलेला शेवटच्या दिवशी. शेवट ठाऊक असल्यामुळे जीव टांगणीला लागत नव्हता आणि थांबण्याचं वाईटही वाटत नव्हतं.

सगळ्यात जपायला हवं ते रडण्याला. बायपासनंतर मन फार हळवं होतं, क्षुल्लक गोष्टीनं डोळे भरून येतात. 'श्वास' किंवा 'व्हेंटिलेटर' कितीही चांगले असोत, हॉस्पिटलचा वास नाकात असताना नकोत. हे नावावरून तरी कळतं. 'पंचायत'चं तसं नाही. पहिल्या पर्वात आठ भाग, गावातल्या छोट्या छोट्या भानगडी, सौम्य विनोद. जरा बरं वाटायला लागल्यावर ते मी आनंदानं पाहिलं, म्हणून घरच्यांनी विश्वासानं दुसरं पर्व लावलं. त्याच्या शेवटी गावातल्याच प्रल्हादच्या जवान मुलाचं पार्थिव गावात येतं. हुंदक्यांनी छाती इतकी दुखली की रात्रभर झोप आली नाही. म्हणून नवं काही लावायचं तर घरातल्या एकानं शेवट आधी बघून ठेवावा, आणि ते संध्याकाळी लवकर लावावं, झोपायच्या वेळी नाही. उदासी दोन आठवड्यांनंतरही हटली नाही, तर डॉक्टरांशी बोला. आणि माणूस अचानक गोंधळलं, दिवस-वेळ कळेनाशी झाली, बोलणं अडखळायला लागलं, तर तो थकवा समजून थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

रिमोट मात्र रुग्णाच्या हातात देऊन "तुला हवं ते बघ" म्हणू नये. चित्रांच्या रांगा सरकवत राहण्यातच सगळी शक्ती जाते. माझी लेक दोनच नावं विचारायची, "आई, मालगुडी की जुनी गाणी?" तेवढं मला सांगता यायचं. टॅबलेट छातीवर टेकवून धरायला बंदी होती आणि हातात धरला की दंड भरून यायचे, म्हणून ह्यांनी टीव्हीचं टेबलच पलंगाच्या पायथ्याशी आणलं. पाठीशी उशा रचून अर्धवट टेकल्यावर मान न वळवता दिसेल, अशा उंचीवर त्यांनी तो बसवला. आणि ज्या दिवशी दोन्ही नावांना मी नको म्हणायची, त्या दिवशी टीव्ही लागायचाच नाही.