तीन संचांची मोजणी आणि एक गुणाकार



तीन संचांच्या संयोगातील घटक मोजण्याचे सूत्र बहुधा तीन छेदणारी वर्तुळे काढून आणि त्यांतील सातही भाग एकेक तपासून पटवले जाते. ही रीत चूक नाही; पण चौथा संच आला की वर्तुळे पुरत नाहीत, कारण चार वर्तुळांनी, बाहेरचा भाग धरून, आवश्यक ते सोळा भाग पाडताच येत नाहीत. म्हणून विद्यार्थ्याने सिद्धता चित्रावर न ठेवता लक्षणफलावर ठेवावी.

संच A चे लक्षणफल a म्हणजे विश्वसंचातील प्रत्येक घटकाला, तो A मध्ये असल्यास १ आणि नसल्यास ०, अशी किंमत देणारे फल. B आणि C यांची लक्षणफले b आणि c मानावीत. ab ही किंमत दोन्ही गुणक १ असतील तरच १ होते, म्हणून ab हे A व B यांच्या छेदाचे लक्षणफल ठरते, आणि १ − a हे A च्या पूरक संचाचे. जो घटक संयोगात नाही तो तिन्ही पूरक संचांत असतोच, आणि उलटही खरे. म्हणून संयोगाचे लक्षणफल u असल्यास

१ − u = (१ − a)(१ − b)(१ − c)
= १ − a − b − c + ab + bc + ca − abc

आणि त्यावरून

u = a + b + c − ab − bc − ca + abc.

चिन्हे आलटूनपालटून का येतात, याचे उत्तर या विस्तारातच आहे: प्रत्येक कंसातून एक पद उचलायचे असते आणि उचललेल्या प्रत्येक अक्षराबरोबर एक ऋणचिन्ह येते.

ही समानता प्रत्येक घटकापाशी खरी असल्याने विश्वसंच सांत असेल तर सर्व घटकांवर बेरीज घ्यावी. लक्षणफलाची बेरीज म्हणजे त्या संचाची घटकसंख्या, आणि इच्छित सूत्र हाती येते. १ ते १०० मधील २, ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या संख्या घेतल्या, तर ५० + ३३ + २० − १६ − ६ − १० + ३ = ७४. यांतील ३० ही संख्या तिन्ही संचांत आहे, आणि तिच्यापाशी ३ − ३ + १ = १, म्हणजे ती एकदाच मोजली जाते; ७ पाशी सगळीच पदे शून्य.

चूक होते ती बहुधा शेवटच्या पायरीवर. गुणाकार घटकाघटकापाशी करायचा असतो, बेरजांचा नव्हे: ab ची बेरीज १६ आहे, a आणि b यांच्या बेरजांचा गुणाकार मात्र १६५०. प्रमाणे गुणण्याचा मोहही असाच फसवा. १०० × १/२ × २/३ × ४/५ केल्यास उरलेल्या संख्या सुमारे २६.६७ येतात, प्रत्यक्षात त्या २६ आहेत. १ ते ३० पर्यंत हाच गुणाकार बरोबर ८ देतो, कारण ३० ला २, ३ आणि ५ या तिघांनी एकत्रित पूर्ण भाग जातो. १०० ला तसा जात नाही.